उसने घेतले की उसने दिले?

(महासंघाच्या मासिक बैठकीत सचिव आणि हिशेब लिहिणाऱ्या तायांसमोर केलेले भाषण. तोंडी सांगितलेली इंग्रजी वाक्ये इथेही मराठी अक्षरांतच दिली आहेत.)



आज मी बचतीवर बोलणार नाही आणि परतफेडीवरही नाही. आज मला एका ईमेलची गोष्ट सांगायची आहे. ईमेल तीन ओळींचा होता. त्यात एक शब्द उलटा पडला आणि एका गटाचे सतरा दिवस गेले. चूक लिहिणाऱ्या ताईंची जेवढी, तेवढीच माझीही. तो मेल पाठवायच्या आधी त्यांनी मला दाखवला होता आणि मी "बरोबर आहे, पाठवा" असं म्हणाले होते.

आपल्यातल्या बऱ्याच गटांचं खातं ज्या शाखेत आहे, तिथले कर्जाचं काम बघणारे साहेब दुसऱ्या राज्यातून आले आहेत. मराठी थोडं समजतं, पण वाचता येत नाही. म्हणून त्यांना लिहायचं ते इंग्रजीत. या गटात अकरा जणी आहेत. त्यातल्या पाच जणींना पापड-शेवयांच्या सीझनआधी उडीदडाळ, गहू आणि एक-दोन यंत्रं घ्यायची होती. प्रत्येकीला तीस हजार, म्हणजे एकूण दीड लाख. गटाची स्वतःची शिल्लक बासष्ट हजार. तेव्हा बँकेकडून दीड लाखाचं कर्ज घ्यायचं ठरलं, ठराव झाला आणि सचिव ताईंनी 3 फेब्रुवारीला मेल केला:

"वी वॉन्ट टू लेंड रुपीज 1,50,000. प्लीज टेल द प्रोसेस."

5 तारखेला साहेबांचं उत्तर आलं. त्याचा मराठीत अर्थ असा, की त्यासाठी बँकेची परवानगी लागत नाही, गटाच्या बैठकीत ठराव करा आणि पुढे जा. सगळ्या खूश झाल्या. ठराव तर झालेलाच होता! आता पैसे येतील म्हणून वाट बघत बसल्या. 22 तारखेला मी बैठकीला गेले तर पहिला प्रश्न हाच, "मॅडम, परवानगी लागत नाही म्हणाले, मग पैसे का येत नाहीत?"

मी फोन घेतला आणि मेल पुन्हा वाचला. या वेळी मात्र सावकाश. तेव्हा लक्षात आलं. आपण साहेबांना लिहिलं होतं, "आम्हाला दीड लाख कर्ज द्यायचं आहे." त्यांना वाटलं, गट आपल्या सदस्यांना अंतर्गत कर्ज वाटतोय आणि विचारतोय की पद्धत काय. त्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर अगदी बरोबर होतं. गटाने आपल्या बचतीतून सदस्याला किती कर्ज द्यायचं, हे गटच ठरवतो. चुकला होता आपला प्रश्न.

आता ही चूक का होते ते बघू. मराठीत आपण काय म्हणतो? कर्ज घेतलं, कर्ज दिलं. उसने घेतले, उसने दिले. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तिला उसनी दिली. कर्ज आणि उसनं हे शब्द दोन्हीकडे तेच राहतात. दिशा सांगायचं काम "घे" आणि "दे" करतात. इंग्रजीत मात्र दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. उसनं घेणं यासाठी एक शब्द, बॉरो. उसनं देणं यासाठी वेगळा शब्द, लेंड. शाळेत आपण हे दोन्ही शब्द एकाच दिवशी, एकाखाली एक पाठ केले. नंतर डोक्यात "उसने" तेवढं शिल्लक राहिलं, आणि घेणं कुठलं अन् देणं कुठलं ते पुसून गेलं. सचिव ताईंना दोन्ही शब्द माहीत होते. मलाही होते. मी तो मेल वाचताना मनात मराठी अर्थ धरूनच वाचत होते, म्हणून मला चूक दिसली नाही.

दुसऱ्या कुणाचा एवढा घोळ होणार नाही, जेवढा आपला होतो. कारण साधं आहे. पगारदार माणूस बँकेकडून फक्त कर्ज घेतो. आपला गट दोन्ही करतो. बँकेकडून किंवा ग्रामसंघाकडून घेतो आणि सदस्यांना देतो. म्हणजे बॉरो आणि लेंड हे दोन्ही शब्द आपल्या बाबतीत खरे असू शकतात. म्हणून समोरच्याला चूक आहे अशी शंकासुद्धा येत नाही. त्याला वाक्य सरळच वाटतं, फक्त अर्थ उलटा लागतो.

मग लक्षात कसं ठेवायचं? तुम्ही हिशेब लिहिता, तेव्हा तुम्हाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, गटाचं देणं कुठलं आणि येणं कुठलं. बँकेचं कर्ज म्हणजे आपलं देणं, ते आपल्याला फेडायचं आहे. सदस्यांकडचं कर्ज म्हणजे आपलं येणं, ते आपल्याकडे परत यायचं आहे. ज्या व्यवहारानंतर आपलं देणं वाढतं, तिथे बॉरो. ज्यानंतर आपलं येणं वाढतं, तिथे लेंड. मेल लिहिताना वही डोळ्यांसमोर आणा. रक्कम कुठल्या बाजूला लिहाल ते ठरवा, मग शब्द निवडा.

दुसरी खूण शब्दाच्या मागे येणाऱ्या छोट्या शब्दाची. बॉरो असेल तर "फ्रॉम" येतो, म्हणजे कुणाकडून. लेंड असेल तर "टू" येतो, म्हणजे कुणाला. "वी वॉन्ट टू बॉरो रुपीज 1,50,000 फ्रॉम द बँक." "वी विल लेंड रुपीज 30,000 टू ईच मेंबर." आपल्या मेलमध्ये फ्रॉमही नव्हतं आणि टूही नव्हतं. ते असतं तर साहेबांना निदान शंका आली असती. म्हणून माझं सांगणं आहे की कुणाकडून किंवा कुणाला, हे लिहिल्याशिवाय हे दोन शब्द वापरूच नका. शब्द चुकला तरी पुढचा भाग आपल्याला सावरून घेतो.

लेंड या शब्दाला आणखी एक सवलत आहे. त्याच्यामागे माणूस सरळ लावता येतो. "प्लीज लेंड अस युवर मशीन," म्हणजे तुमचं यंत्र आम्हाला वापरायला द्या. बॉरोला तसं चालत नाही. "प्लीज बॉरो अस युवर मशीन" हे वाक्य चूक. यंत्र आपण मागतोय तर एक तर "लेंड अस" लिहा, नाही तर "कॅन वी बॉरो युवर मशीन?" असं विचारा. बघा, या दोन्ही वाक्यांत यंत्र आपल्याकडेच येतंय. पहिल्या वाक्यात कर्ता ते आहेत, दुसऱ्यात आपण.

होऊन गेलेल्या गोष्टीसाठी बॉरोचं बॉरोड होतं आणि लेंडचं लेंट. लेंटच्या शेवटी डी जाऊन टी येतो, तेवढाच फरक. आणि हे दोन्ही शब्द फक्त परत करायच्या वस्तूसाठी. मंडपवाल्याकडून भाडं देऊन खुर्च्या आणल्या तर ते बॉरो नव्हे. तिथे "वी हायर्ड चेअर्स" म्हणायचं.

आणि तरीही ऐन वेळी गोंधळ झालाच, तर एक सोपी वाट आहे. "लोन" हा शब्द घ्या. लोन म्हणजे कर्ज, आणि त्याची बांधणी आपल्या मराठीसारखीच होते. "टेक अ लोन फ्रॉम द बँक" म्हणजे बँकेकडून कर्ज घेणे. "गिव्ह अ लोन टू अ मेंबर" म्हणजे सदस्याला कर्ज देणे. घे आणि दे वेगळे दिसतात, चुकायला जागा कमी. यात काही कमीपणा नाही, बँकेचे लोकही असंच लिहितात.

आता पुढची गोष्ट. त्याच दिवशी आम्ही बसून नवा मेल केला. साहेबांनी लगेच कागद मागवले. त्यांच्या मेलमध्ये एक वाक्य होतं, "प्लीज ब्रिंग द पासबुक अँड द रिझोल्यूशन रजिस्टर." म्हणजे पासबुक आणि ठरावाची वही घेऊन या. गटात बोलणं झालं, "सोमवारी आपण पासबुक आणि वही बँकेत घेऊन जाऊ." आणि सचिव ताईंनी तेच उत्तर लिहायला घेतलं, "वी विल टेक द पासबुक ऑन मंडे." या वेळी मी थांबवलं.

त्या विचारत होत्या, "का हो, घेऊन जाणे म्हणजे टेकच ना?" अगदी बरोबर, घेऊन जाणे म्हणजे टेक आणि घेऊन येणे म्हणजे ब्रिंग. मराठीत हा फरक आपल्याकडे आधीपासूनच आहे, नेणे आणि आणणे. कुणाला शिकवावा लागत नाही. पण साहेबांनी ते वाक्य वाचलं असतं तर त्यांना वाटलं असतं, यांचं पासबुक आपल्याकडे राहिलंय आणि सोमवारी या ते घेऊन जाणार आहेत. एंट्री मारायला दिलेली पासबुकं कधी कधी शाखेत राहतातच की! मग त्यांनी सोमवारी काउंटरवर शोधाशोध केली असती, आणि आपण हातात पासबुक घेऊन उभ्या.

चूक इंग्रजीची नव्हती. चूक अशी होती, की गटात बसून एकमेकींशी बोललेलं वाक्य आपण जसंच्या तसं बँकेला लिहून पाठवत होतो. एकमेकींशी बोलताना आपण सगळ्या गावात असतो आणि बँक तिकडे लांब. म्हणून "घेऊन जाऊ" म्हणतो. पण साहेबांना फोन लावला असता तर काय म्हणालो असतो? "साहेब, सोमवारी पासबुक घेऊन येतो." म्हणजे जीभ आपोआप वळली असती, कारण ऐकणारा माणूस बँकेत बसला आहे आणि पासबुक त्याच्याकडे येणार आहे. मेलमध्ये समोर माणूस दिसत नाही म्हणून जीभ वळत नाही.

म्हणून युक्ती एकच. मेल लिहिण्याआधी तेच वाक्य फोनवर बोलल्यासारखं मराठीत म्हणून बघा. ज्याला मेल जाणार आहे त्याचंच नाव घेऊन म्हणा. तोंडातून "येते, आणते" आलं तर ब्रिंग लिहा. "जाते, नेते" आलं तर टेक लिहा. वाचणारा जिथे आहे तिथे वस्तू येत असेल तर ब्रिंग, तिथून निघून दुसरीकडे जात असेल तर टेक.

हीच बातमी मला कळवायची असेल तर शब्द बदलतो, कारण मी बँकेत बसत नाही. मला लिहाल, "वी टुक द पासबुक टू द बँक ऑन मंडे." इथे टेकच बरोबर. व्यवहार तोच, पासबुक तेच, वाचणारा बदलला म्हणून शब्द बदलला. आणि समजा, तालुक्याच्या प्रदर्शनाला मीही येणार आहे आणि तुम्हीही. तेव्हा मला लिहा, "वी विल ब्रिंग 20 किलो पापड टू द एक्झिबिशन." कारण तुम्ही तिथे पोचाल तेव्हा मी तिथे असणार आहे. मी येणारच नसेन, तर "टेक".

कुणी माणूस घेऊन जाणार नसेल, माल एसटीने किंवा कुरियरने जाणार असेल, तर दोन्ही नकोत. तिथे "सेंड" लिहा. बाहेरगावच्या खरेदीदाराला "वी विल ब्रिंग द पापड" लिहिलं तर तो समजेल की कुणीतरी बाई पापड घेऊन दारात येणार आहे.

इथेच एक छोटा खड्डा दाखवून ठेवते. ब्रिंगचं भूतकाळी रूप ब्रॉट. आणि बाय म्हणजे विकत घेणे, त्याचं बॉट. लिहिताना फरक एका "आर" अक्षराचा. ब्रॉट म्हणजे बी आर ओ यू जी एच टी. बॉट म्हणजे बी ओ यू जी एच टी. "वी ब्रॉट अ मशीन" म्हणजे यंत्र आणलं, कदाचित शेजारच्या गटाचं. "वी बॉट अ मशीन" म्हणजे विकत घेतलं. दुसरं वाक्य वाचलं की बँक लगेच बिल मागणार. कर्जाच्या पैशातून काय केलं हे कळवताना "आर" आहे की नाही ते बोट ठेवून बघा.

सोमवारी तायांनी बँकेत जाऊन कागद दिले. संध्याकाळी सचिव ताईंनी मला आणि महासंघाच्या हिशेबनिसांना मिळून मेल केला, की तिथे काय बोलणं झालं. त्यात होतं, "द मॅनेजर सेड अस टू क्लोज द ओल्ड अकाउंट." आता ही तिसरी जोडी, से आणि टेल.

मराठीत म्हणणे आणि सांगणे. इथेही आपल्याकडे दोन शब्द आहेत. मग चूक कुठून येते? मराठीत "साहेब म्हणाले" चालतं आणि "साहेब मला म्हणाले" हेही चालतं. "साहेबांनी सांगितलं" चालतं आणि "साहेबांनी आम्हाला सांगितलं" हेही चालतं. माणूस लावा किंवा गाळा, मराठी अडवत नाही. इंग्रजी अडवते. टेलच्या मागे माणूस लगेच लागतो, आणि सेच्या मागे माणूस लगेच येत नाही. "द मॅनेजर टोल्ड अस दॅट द लोन इज रेडी." इथे "अस" म्हणजे आम्हाला, ते गाळायचं नाही. "द मॅनेजर सेड दॅट द लोन इज रेडी." इथे "अस" घालायचं नाही. घालायचंच असेल तर मध्ये "टू" हवा, "सेड टू अस".

आता पहिला मेल आठवा, "प्लीज टेल द प्रोसेस." त्यातही हीच दुसरी चूक होती. मराठीत आपण नुसतं "पद्धत सांगा" म्हणतो, कुणाला ते बोलायची गरज पडत नाही. इंग्रजीत "प्लीज टेल अस द प्रोसेस" हवं होतं. त्या चुकीने काही बिघडलं नाही, साहेबांना कळलं. पण "सेड अस टू क्लोज" या वाक्याने मला खरंच अडचणीत टाकलं.

कारण मला कळेना, की साहेब नक्की काय बोलले. "टोल्ड अस टू क्लोज" असं असेल तर तो आदेश झाला, बंद करायला सांगितलं. "सेड दॅट वी कॅन क्लोज" असं असेल तर ती मुभा झाली, बंद केलं तरी चालेल असं म्हणाले. गटाचं एक जुनं खातं होतं आणि त्यात थोडी शिल्लक होती. आदेश असेल तर ते खातं बंद केल्याशिवाय कर्ज पुढे सरकणार नाही, म्हणजे आधी ठराव, मग अर्ज, मग शिल्लक नव्या खात्यात. मुभा असेल तर ते काम नंतर करता येईल. अर्धं वाक्य एका शब्दाचं आणि अर्धं दुसऱ्याचं झाल्यामुळे दोन्ही अर्थ निघत होते.

मी सचिव ताईंना फोन केला आणि विचारलं, "साहेब नेमके काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत सांगा." त्या म्हणाल्या, "अहो, ते म्हणाले जुनं खातं वापरत नसाल तर बंद केलं तरी चालेल." म्हणजे मुभा. लिहायला हवं होतं, "द मॅनेजर सेड दॅट वी कॅन क्लोज द ओल्ड अकाउंट." फोन केला नसता तर हिशेबनिसांनी आधी खातं बंद करायचा कागद तयार केला असता आणि आणखी आठवडा गेला असता.

म्हणून कुणाचं बोलणं कळवताना आधी स्वतःला विचारा, त्यांनी काम करायला सांगितलं की नुसती माहिती दिली? काम करायला सांगितलं असेल तर "टोल्ड अस टू" आणि पुढे ते काम. "शी टोल्ड अस टू साइन द फॉर्म." तिने फॉर्मवर सही करायला सांगितलं. माहिती किंवा मत असेल तर "सेड दॅट". माणूस नसून कागद बोलत असेल, तरी सेच वापरतात. "द नोटीस सेज दॅट द ब्रँच इज क्लोज्ड ऑन फ्रायडे," म्हणजे सूचनेत लिहिलं आहे की शुक्रवारी शाखा बंद आहे. मराठीत सूचना बोलत नाही, इंग्रजीत बोलते!

आणखी एक सांभाळायचं. साहेबांना आपण स्वतः लिहिताना "वी टेल यू टू सेंड द मनी" असं कधी लिहू नका. मराठीत "तुम्हाला सांगतो, पैसे पाठवा" हे सहज वाटतं. इंग्रजीत तो हुकूम होतो. तिथे "वी रिक्वेस्ट यू टू सेंड द मनी," म्हणजे विनंती करतो.

आता सगळं एकत्र बघू. 22 तारखेला आम्ही पाठवलेला मेल इथे देते. तुमच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या, आकडे तेवढे बदला.

"रिस्पेक्टेड सर, अवर ग्रुप हॅज 11 मेंबर्स. वी वॉन्ट टू बॉरो रुपीज 1,50,000 फ्रॉम युवर बँक. वी विल लेंड रुपीज 30,000 टू ईच ऑफ फाइव्ह मेंबर्स. प्लीज टेल अस व्हिच पेपर्स आर नीडेड. वी विल ब्रिंग देम टू युवर ब्रँच."

मराठीत वाचा. आमच्या गटात 11 सदस्य आहेत. आम्हाला तुमच्या बँकेकडून दीड लाख कर्ज घ्यायचं आहे. ते आम्ही पाच सदस्यांना प्रत्येकी तीस हजार असं कर्ज देणार आहोत. कोणते कागद लागतील ते आम्हाला सांगा. ते आम्ही तुमच्या शाखेत घेऊन येऊ.

पैसे बँकेकडून निघाले, गटाकडे आले, गटाकडून पाच जणींकडे गेले. प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द लागला आणि प्रत्येक ठिकाणी कुणाकडून, कुणाला हे लिहिलेलं आहे. साहेबांना एकही प्रश्न उलटा विचारावा लागला नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच नियमाने होत नाही. आपणच लिहिलेला मेल आपण वाचतो तेव्हा डोकं आपला मनातला अर्थच वाचतं, कागदावरचा नाही. माझं तेच झालं. म्हणून पाठवायच्या आधी मेल गटातल्या दुसऱ्या एकीला द्या, जिला थोडं इंग्रजी वाचता येतं आणि जिने तो लिहिलेला नाही. तिला तो मराठीत मोठ्याने सांगायला लावा. तिने "आम्हाला कर्ज द्यायचंय" असं वाचलं की बैठकीतल्या सगळ्या हसतील आणि चूक तिथेच सापडेल. शाळेत जाणारी मुलगी घरात असेल तर तिच्याकडूनही वाचून घ्या, पण आधी आपला अर्थ तिला सांगू नका. सांगितला की तीही तोच वाचेल.

कर्ज अखेर मंजूर झालं. पण सतरा दिवस आधीच गेले होते आणि पुढच्या कागदांना जो वेळ लागतो तो लागलाच. पैसे हातात आले तेव्हा होळी होऊन गेली होती. पाचांपैकी चौघींनी कच्चा माल भरला. पाचव्या मावशींनी तोवर शेजारच्या दुकानदाराकडून उधारीवर डाळ उचलली होती, त्यामुळे त्यांच्या तीस हजारांतले काही आधी तिकडे गेले. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण त्या बैठकीला आल्या की मला तो तीन ओळींचा मेल आठवतो.

पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने आपण पाठवलेला एक मेल छापून किंवा हाताने उतरवून आणा. माझ्याकडे आणायचा आहे, म्हणजे ब्रिंग बरं का! आपण एकमेकींचे मेल वाचू. माझाही एक असेल.